पाटी बदलायची की नुसती उजळायची?

तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीत नेल्लैयप्पर देवळासमोर हलव्याचं एक जुनं दुकान आहे. संध्याकाळी ते उघडतं, बघता बघता रांग लागते आणि दिवसाचा हलवा संपला की दुकान बंद. राजस्थानातून आलेल्या एका कुटुंबाने ते सुरू केलं. दुकानात उजेड बेताचाच, म्हणून गिऱ्हाईक त्याला ‘इरुट्टुक्कडै’, म्हणजे अंधारं दुकान, म्हणू लागलं. मालकांनी ठेवलेलं नसलेलं हे नाव पुढे इतकं मोलाचं झालं की ते दुसऱ्याने वापरल्यावरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 2015 साली न्यायालयाने स्पष्ट केलं की समोरच्याकडे ट्रेडमार्कची नोंदणी असली, तरी जो ते नाव आधीपासून सलग वापरत आला आहे त्याचा हक्क वरचढ ठरतो.

या दुकानाची ओळख कोणा डिझायनरने घडवली नव्हती. ती गिऱ्हाइकांच्या तोंडून घडली होती आणि कायद्याने तीच राखली.

महाराष्ट्रातही 1980 च्या दशकात सुरू झालेली मिठाईची घरगुती दुकानं आज चाळिशीला आली आहेत. गल्ल्यावर तिसरी पिढी बसू लागली आहे. पाटी त्या वेळच्या पेंटरने रंगवलेली, खोक्यावर देवीचं चित्र, लाल-पिवळा रंग. नव्या पिढीला हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर जुनाट दिसतं, तर वडिलांना त्या पाटीला हात लावणं अशुभ वाटतं. वाद चालतो तो आवडीनिवडीचा. खरं तर हा प्रश्न आवडीवर सोडण्याची गरज नाही. गिऱ्हाईक नेमकं काय ओळखतं आणि ते कायद्याने कोणाचं आहे, या दोन गोष्टी तपासल्या की उत्तर बरंचसं हाती येतं.

आधी दोन वाटांमधला फरक पाहू. लोगो ताजा करताना नाव तेच राहतं, अक्षरांचं वळण आणि खोक्याचा तोंडवळा तोच राहतो. फक्त रेखाटन नीट होतं, फाफटपसारा कमी होतो आणि छपाईत रंग एकसारखे येऊ लागतात. संपूर्ण रिब्रँडिंगमध्ये नाव, चिन्ह, रंग, खोकी, पाटी, कधी दुकानाची सजावटही बदलते, आणि गिऱ्हाइकाला दुकान नव्याने ओळखावं लागतं. पहिल्याचा खर्च मुख्यतः डिझायनर, छापखाना आणि पाटीवाला यांच्याकडे जातो. दुसऱ्याचा खरा खर्च बिलात दिसत नाही, कारण चाळीस वर्षांची ओळख पुसून पुन्हा लिहायला किती वर्षं लागतील हे कोणी लिहून देत नाही.

लोकांच्या डोक्यात काय असतं

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 85 विद्यार्थ्यांना ॲपल कंपनीचा लोगो आठवणीतून काढायला सांगितलं होतं. त्यातले बरेच जण ॲपलचीच उपकरणं वापरणारे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अगदी अचूक चित्र काढणारा विद्यार्थी एकच निघाला. सफरचंदाचा चावा कोणत्या बाजूला, पान कुठे झुकलेलं, यात बाकीचे चुकले. रोज डोळ्यांसमोर असलेल्या चिन्हाचे बारकावे माणूस साठवून ठेवत नाही, त्याला ढोबळ आकार पुरतो.

मिठाईवाल्याला यातून दोन गोष्टी घेता येतात. बारकावे सुधारले तर बहुतेकांच्या ते लक्षातही येणार नाही, म्हणजे लोगो ताजा करण्यात वाटतो तेवढा धोका नाही. पण ढोबळ ओळखच हलवली तर काय होतं, याचं उदाहरण ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडने घालून दिलं आहे. पेप्सिको कंपनीने 2009 च्या जानेवारीत अमेरिकेत त्याचा खोका पूर्ण बदलला. स्ट्रॉ खोचलेलं संत्रं गेलं, त्या जागी रसाचा ग्लास आला, नावाची अक्षरं बदलून आडवी असलेली उभी झाली. दोन महिनेही पूर्ण झाले नव्हते तोवर विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच कंपनीने जुना खोका परत आणण्याचं जाहीर केलं. रस तोच होता. दुकानाच्या फडताळावर घाईत हात घालणाऱ्याला आपला खोका सापडेना, किंवा तो कुठल्या तरी स्वस्त मालाचा वाटू लागला.

इथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. मिठाईचं गिऱ्हाईक बहुधा दुकानात चालत येतं आणि काचेमागचा पेढा बोट दाखवून घेतं. त्याला दुकानाची जागा माहीत असते, काउंटरवरचा माणूस माहीत असतो. म्हणून पाटी बदलल्याने ते लगेच वाट चुकत नाही. पण त्याच दुकानाचा चिवडा, बाकरवडी किंवा शंकरपाळे पाकिटातून किराणा दुकानांत जात असतील, तर तिथे ट्रॉपिकानासारखीच गत होऊ शकते. तिथे ओळख पटवायला पाकिटाशिवाय कोणी नाही.

तिसरी जागा खोक्याची, आणि मिठाईच्या धंद्यात तीच सर्वांत महत्त्वाची असते. पाटी आपल्या जागी टांगलेली राहते, खोका मात्र फिरतो. बारशाचे पेढे, लग्नाच्या आमंत्रणासोबतचे लाडू, दिवाळीला साहेबांच्या घरी गेलेला काजूकतलीचा अर्धा किलो. दुकानात कधीही पाऊल न टाकलेली माणसं दुकानाचं नाव पहिल्यांदा वाचतात ती झाकणावर. पुढे त्याच खोक्यात घरात दोऱ्याची रिळं आणि बटणं राहतात. त्यामुळे निर्णयाची चाचणी घ्यायची ती पाटीवर कमी आणि खोक्यावर जास्त.

साठ माणसांची चाचणी

ऑस्ट्रेलियातल्या एरेनबर्ग-बास संस्थेच्या जेनी रोमानियुक यांनी अशा तपासणीची एक सोपी पद्धत रूढ केली आहे. ब्रँडचा एकेक घटक, म्हणजे रंग, चित्र, अक्षर, नाव झाकून लोकांना दाखवायचा आणि विचारायचं, हे पाहून कोण आठवतं? त्यातून दोन आकडे निघतात. विचारलेल्यांपैकी किती जणांना आपण आठवलो, हा पहिला. ज्यांना कोणी ना कोणी आठवलं, त्यांच्यापैकी किती जणांना आपणच आठवलो, हा दुसरा. पहिला आकडा प्रसिद्धीचा, दुसरा वेगळेपणाचा. ढोबळमानाने दोन्ही 50 टक्क्यांच्या वर असतील तर तो घटक जपायचा. पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल, तर त्या घटकावर आपण शेजाऱ्यांचीही जाहिरात करत असतो.

हे एका कल्पित दुकानावर करून पाहू. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, 1985 साली सुरू झालेलं दुकान, नाव एका देवीचं आणि पुढे ‘स्वीट मार्ट’. गल्ल्यावर आजोबा बसत. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. नातू आणि सून मिळून साठ जणांना विचारतात. त्यातले तीस जण दुकानातले, तीस जण बाहेरचे: एसटी स्टँड, मंडई, नव्या वसाहतीतल्या सोसायट्या, कॉलेजचा कट्टा. नुसती नेहमीची गिऱ्हाइकं विचारली तर दुकान आहे त्याहून प्रसिद्ध वाटेल, म्हणून ही वाटणी.

प्रश्नही ठरवून विचारायचे. ‘हा लोगो आवडतो का?’ असं विचारलं की प्रत्येक माणूस परीक्षक होतो आणि हवं ते सांगतो. म्हणून पहिला प्रश्न काहीच न दाखवता: ‘घरी पेढे न्यायचे असले तर कुठून नेता?’ उत्तर शब्दशः लिहून घ्यायचं. मग नाव झाकलेला खोका, मग नुसतं देवीचं चित्र, मग पाटीवरच्या अक्षरांचा कापलेला तुकडा, शेवटी नुसता लाल-पिवळा पट्टा. चित्रं एकेक करून दाखवायची, सगळी एकदम नाहीत.

समजा, असे आकडे आले. नाव झाकलेला खोका पाहून 41 जणांनी दुकान ओळखलं, 12 जणांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. म्हणजे प्रसिद्धी 68 टक्के, वेगळेपण 77 टक्के. देवीचं चित्र पाहून 22 जणांना हे दुकान आठवलं, 25 जणांना दुसरं काहीतरी: 37 आणि 47 टक्के. अक्षरांच्या तुकड्यावरून 33 जणांनी बरोबर सांगितलं आणि फक्त चार चुकले: 55 आणि 89 टक्के. नुसत्या रंगावरून 15 बरोबर, 30 चूक: 25 आणि 33 टक्के.

आता घरातल्या वादाचं रूपच बदलतं. वडील ज्या देवीच्या चित्रासाठी अडून बसले होते ते दुकानाची ओळख फारशी वाहत नाही, कारण गावातल्या सराफाकडे, कापडवाल्याकडे आणि दिनदर्शिकेवरही तीच देवी आहे. लाल-पिवळा रंग एकटा कुणाचाच नाही. नातवाला जी सर्वांत गावंढळ वाटत होती ती पेंटरची जाड, पोटफुगी अक्षरं मात्र खरी कमाई निघाली. ती फेकून संगणकातला तयार फाँट घेतला असता, तर दुकानाने आपला सर्वांत वेगळा ऐवज घालवला असता.

साठ जणांच्या चाचणीला मर्यादा आहेत. दोन-पाच टक्क्यांच्या फरकावर भांडू नये. 89 आणि 33 मधला फरक मात्र इतक्या लोकांतही खरा धरता येतो. चाचणी दिवाळीच्या तोंडावर घेऊ नये, तेव्हा घरोघरी खोकी पडलेली असतात आणि ओळख फुगते.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं मात्र वेगळीच निघतात. साठपैकी अर्ध्याहून जास्त लोकांनी पाटीवरचं नाव घेतलंच नाही. ते म्हणाले, ‘अण्णांकडून.’

नाव कोणाचं?

दिल्लीत 1950 साली बिकानेरहून आलेल्या अग्रवाल कुटुंबाने चांदनी चौकात धंदा सुरू केला तेव्हा नाव होतं ‘बिकानेर नमकीन भंडार’. गिऱ्हाईक त्यांना ‘बिकानेरवाले’ म्हणू लागलं आणि कुटुंबाने तेच नाव धरलं. ‘बिकानेरवाला’ हे त्या अर्थाने पूर्ण नामांतर होतं, तरी गिऱ्हाइकाला नवं काहीच शिकावं लागलं नाही. नाव बदलायचंच असेल तर सर्वांत कमी धोक्याची वाट ही: लोक आधीच जे म्हणतात ते पाटीवर आणणं.

आपल्या कल्पित दुकानाला या वाटेचा विचार करावा लागतो, कारण देवीच्या नावाची कायदेशीर पकड ढिली असते. 2015 सालीच सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीच्या एका प्रकरणात ‘रामायण’ या नावावर एका व्यापाऱ्याला मक्तेदारी मागता येणार नाही, असं सांगितलं. देवदेवतांची नावंही शेकडो व्यापारी वापरतात. अक्षरांचं वळण आणि चित्र मिळून चिन्ह नोंदवता येतं, पण उद्या पलीकडच्या चौकात त्याच देवीच्या नावाने कोणी मिठाई विकू लागला, तर नुसत्या नावावर त्याला अडवणं कठीण. ‘स्वीट मार्ट’ तर कोणाचंच नाही.

म्हणून डिझायनरकडे जाण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधयंत्रात नाव टाकून पाहावं. मिठाई आणि बाकरवडीसारखे पदार्थ बहुतांशी वर्ग 30 मध्ये येतात, दुग्धजन्य पदार्थ वर्ग 29 मध्ये, आणि दुकानात बसून खाण्याची सोय असेल तर वर्ग 43. ऑनलाइन अर्जाचं शुल्क एकटा मालक किंवा लघुउद्योग असेल तर एका वर्गाला 4,500 रुपये, कंपन्यांना 9,000. नोंदणी दहा वर्षं टिकते आणि नूतनीकरण करता येतं.

अर्जात एक रकाना असतो: हे चिन्ह केव्हापासून वापरात आहे? तिथेच दोन वाटांचा फरक कागदावर उतरतो. जुन्या नावासमोर 1985 लिहिता येतं आणि ते सिद्ध करायला जुनी बिलं, खोकी, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, दिवाळीच्या ऑर्डरच्या वह्या लागतात. अगदी नव्या नावासमोर या वर्षाची तारीख येते, मागचं काहीच जमेस धरता येत नाही. चिन्ह आधीच नोंदवलेलं असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 22 नुसार त्यात असा बदल करता येतो, ज्याने त्याची मूळ ओळख फारशी बदलत नाही. अक्षरं सुबक केली, चौकट काढली, तर त्या दाराने जाता येतं. नाव आणि रूपच बदललं तर नवा अर्ज. आणि जुनं चिन्ह वापरणं पूर्ण थांबवलं, तर सलग पाच वर्षांहून जास्त न वापरल्याच्या कारणावरून कोणीही ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करू शकतो. नवं नाव घेणाऱ्यानेही जुनं एखाद्या खोक्यावर जिवंत ठेवावं ते यासाठी.

घरच्या धंद्यात आणखी एक गाठ असते, वाटणीची. हल्दीराम घराण्याचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. बिकानेरमध्ये भुजियाने सुरू झालेल्या या कुटुंबात 1974 साली भागीदारी मोडली, तेव्हा नावाचा हक्क प्रदेशानुसार वाटला गेला: एका शाखेकडे पश्चिम बंगाल, दुसरीकडे उरलेला देश. कागदावर रेष सरळ होती. पुढे दिल्लीतल्या दुकानावरून भाऊबंदकी न्यायालयात गेली आणि दशकानुदशकं चालली. आज कोलकात्याच्या शाखेची पाकिटं ‘प्रभुजी’ या नावाने विकली जातात. गिऱ्हाइकाला जुनं नाव कंटाळवाणं वाटत होतं म्हणून हा बदल झाला नाही. आपल्याच नावावर देशभर मोकळेपणाने उभं राहता येईना, म्हणून झाला.

पूर्ण रिब्रँडिंगची योग्य कारणं साधारण याच जातीची असतात. नाव आपलं राहिलेलं नाही, काकांच्या मुलानेही तेच नाव लावलं आहे, किंवा नावात गुंफलेला माल वा गाव आता खरा नाही: उदाहरणार्थ पाटीवर ‘फरसाण’ असून दुकान आज ऐंशी टक्के बंगाली मिठाई विकतं. ‘जुनं दिसतं’ हे कारण या यादीत बसत नाही. जुनं दिसणं लोगो ताजा करून मिटतं. माल खपत नसेल, दुपारी दुकान बंद असेल, यूपीआय नसेल, तर तेही नव्या नावाने मिटत नाही. पुण्याच्या चितळे बंधूंनी 2017 मध्ये दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची प्रथा मोडली, तेव्हा त्याचीच बातमी झाली. गिऱ्हाइकाला हवा असलेला बदल वेळापत्रकात होता.

बिकानेरवाला कुटुंबाने एक तिसरी वाटही दाखवली आहे. 1988 साली त्यांनी पाकिटबंद मालासाठी ‘बिकानो’ हा वेगळा ब्रँड काढला, दुकानांचं नाव तसंच राहिलं. नव्या पिढीला परराज्यात किंवा परदेशात पाकिटं पाठवायची असतील, तर हा मध्यममार्ग विचारात घेण्यासारखा असतो: नवं, छोटं, नोंदवता येणारं नाव पाकिटावर, जुनी पाटी दुकानावर.

अक्षर उतरवून घेणं

आपल्या कल्पित कुटुंबाने ठरवलं असं धरू: देवीचं नाव राहणार, पेंटरची अक्षरं राहणार, वर लहान ओळीत ‘अण्णांचे’ येणार, चित्र झाकणावरून बाजूच्या पट्टीवर जाणार. म्हणजे लोगो ताजा होणार आणि नाव लोकांच्या तोंडाच्या दिशेने थोडं सरकणार. ‘अण्णा’ही गावोगाव सापडतात, त्यामुळे नोंदणीचा अर्ज संपूर्ण अक्षरचिन्हाचा करायचा. आता काम डिझायनरकडे जातं.

पहिली अडचण ही की मूळ रेखाटनच नसतं. पेंटरने थेट पत्र्यावर रंगवलेलं असतं आणि पुढे छापखान्याने खोक्यासाठी ते आपल्या पद्धतीने उतरवलेलं. पाटीवरचं, खोक्यावरचं आणि बिलबुकातलं अक्षर तीन तऱ्हांचं सापडतं. त्यातलं चाचणीत दाखवलेलं, लोकांनी ओळखलेलं रूप मूळ धरायचं. त्याचा समोरून, न वाकवता फोटो काढायचा, संगणकावर कडा गिरवून घ्यायच्या आणि मग डोळ्याने दुरुस्त करायच्या: शिरोरेषेची जाडी एकसारखी, अक्षरांच्या पोटातली पोकळी मोकळी, काना सरळ. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच ठेवायचे. अनेक तयार फाँटांत हिंदी वळणाचा ‘ल’ येतो आणि पाटी परगावची वाटू लागते. जिथे पेंटरचा हात वेगळा वळला आहे तिथे फार सुधारू नये. चाचणीत लोकांनी तेच ओळखलं होतं.

मग चाचणी आकाराची. तोच लोगो दीड सेंटिमीटर रुंद छापायचा, कारण मिठाईच्या स्टिकरवर आणि डिलिव्हरी ॲपच्या गोलात तो तेवढाच येणार. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला, रफार मात्रेत मिसळला, की लहान आकारासाठी थोडी वेगळी, मोकळी आवृत्ती काढावी लागते. आधी रोमन अक्षरांत लोगो बसवून देवनागरी नंतर तिच्या साच्यात कोंबली, की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. महाराष्ट्रात हे कायद्यानेही चालत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, मराठी अक्षरं आधी आणि इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान नसावीत. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणून देवनागरी आधी रेखाटायची आणि रोमन तिच्या शेजारी बसवायची.

डिझायनरशी करारात एक ओळ हवी: या रेखाटनाचे कॉपीराइट हक्क दुकानाकडे लेखी हस्तांतरित झाले. सोबत आकार कितीही वाढवता येईल अशी मूळ फाइल आणि रंगांचे ठरलेले क्रमांक घ्यायचे. ‘लाल’ एवढंच सांगितलं तर पांढऱ्या डुप्लेक्स बोर्डवर एक लाल येतो, तपकिरी क्राफ्टवर दुसरा, एलईडी पाटीवर तिसरा. छपाईचा नमुना संगणकावर न पाहता ज्या पुठ्ठ्यावर माल जाणार त्याच पुठ्ठ्यावर पाहून मंजूर करायचा.

वेळ ठरते ती खोक्यांच्या साठ्यावरून. समजा, पाव, अर्धा आणि एक किलो मिळून तीस हजार जुनी खोकी शिल्लक आहेत. ती फेकायची नाहीत. संक्रांतीनंतर नव्या छपाईची ऑर्डर द्यावी, लग्नसराईत जुनी संपवावीत, श्रावणाआधी नवी सुरू करावीत. गणपतीच्या मोदकांसोबत गाव नव्या खोक्याला सरावेल आणि दिवाळीच्या गर्दीत कोणाला अडखळायला होणार नाही. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी नवं रूप आणणं हे या धंद्यातलं नेहमीचं संकट, कारण छापखान्याचा एक दिवसाचा उशीर तेव्हा रिकाम्या काउंटरवर दिसतो. खोक्याचा आकार आणि कापण्याची डाय तीच ठेवली, तर घडी घालणाऱ्या हातांना नवं काही शिकावं लागत नाही. पाटी सर्वांत शेवटी.

नाव मूळचंच राहिल्यामुळे कागदपत्रांचं काम थोडं. पूर्ण नामांतर असतं तर अन्न परवाना, जीएसटी नोंदणी, दुकान कायद्याखालची नोंद, बँक खातं, यूपीआयचा कोड, नकाशावरची नोंद, सगळीकडे बदल करावे लागले असते. जीएसटीतला बदल तर पंधरा दिवसांत कळवावा लागतो. त्यातलं एक राहिलं तर पैसे भरताना मोबाइलवर जुनंच नाव येतं आणि गिऱ्हाईक थबकतं: हे पैसे नक्की कोणाला चालले?

नवी खोकी सुरू झाल्यावर पहिले दोन महिने काउंटरवर एक वही ठेवावी. गिऱ्हाइकाने नव्या रूपाबद्दल काही म्हटलं की मुलाने दोन रकान्यांपैकी एकात रेघ ओढायची. एक रकाना ‘छान दिसतंय’, ‘खोका नवा का?’ अशा बोलण्याचा. दुसरा एकाच प्रश्नाचा: ‘मालक बदलले का?’ मिठाईत हा प्रश्न साधा नाही. तो विचारणाऱ्याला तूप तेच आहे का, खवा कुठला, हेच विचारायचं असतं, आणि पुढच्या वेळी तो पाव किलो कमी नेण्याची शक्यता असते. दुसऱ्या रकान्यातल्या रेघा पहिल्या पंधरवड्यानंतरही वाढत राहिल्या, तर रूप प्रमाणाबाहेर बदललं आहे असं समजावं आणि पुढच्या छपाईत जुन्या खोक्याची ओळखीची चौकट झाकणावर परत आणावी. डाय तीच असल्यामुळे त्याला फक्त नव्या प्लेटांचा खर्च येतो.